वरचा कॉमा

आमच्या ऑफिसात टायपिंग करणारे काका ॲपॉस्ट्रॉफीला 'वरचा कॉमा' म्हणतात. नंदनवनात घराच्या पुढच्या खोलीत मी ऑफिस थाटलं तेव्हापासून ते माझ्याकडे आहेत, आणि त्याआधी कित्येक वर्षं कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसत. जुन्या इंग्रजी टाइपरायटरवर हे चिन्ह आठ आकड्याच्या डोक्यावर असायचं. शिफ्टची कळ नीट दाबली गेली नाही की चिन्हाऐवजी चक्क आठ उमटायचा. "मालकाच्या मधातच आठ येऊन बसे, मॅडम," काका सांगतात, "तरी दस्त नोंदवला जाये. कोणाचं घर गेलं नाही त्यानं."

हे वाक्य मी बरीच वर्षं अडाणीपणाचा नमुना म्हणून ऐकवत आले. माझ्या मते त्या चिन्हानं घर जाऊ शकत होतं. एसच्या आधी की एसच्या नंतर, एवढ्यावर कराराचा अर्थ फिरतो, आणि ते ज्याला कळत नाही त्यानं करारनामे लिहू नयेत, असं मी ज्युनिअर्सना सांगायची. लाल पेन घेऊन मी दुसऱ्यांच्या मसुद्यांतली ही चिन्हं सरकवत बसायची. आता ते मत मी सोडलं आहे. कसं सुटलं, ते लिहिते, कारण त्यात माझीच चूक आहे आणि ती मी एका घरच्या तिघांच्या पैशांनी शिकले.

नियम आधी सांगून टाकते. इंग्रजीत मालक एक असेल तर चिन्ह एसच्या आधी, अनेक असतील तर एसच्या नंतर. नुसतं अनेकवचन असेल, कोणाचं काही नसेल, तर चिन्हच नाही. कोर्टाच्या कागदांत मयताच्या वारसांसाठी 'एलआर' ही अक्षरं लिहून त्यांना एस जोडतात, त्यात अर्धेअधिक लोक विनाकारण चिन्ह घुसवतात. तिथे ते नको असतं. बस्स, एवढाच नियम. मराठीत हे काम अनुस्वार करतो: मालकाचे, मालकांचे. एक टिंब.

हे टिंब काय किंवा तो कॉमा काय, किती वजन पेलू शकतो, हा खरा प्रश्न. माझ्याकडे उत्तर तयार असायचं. महाराष्ट्राचाच एक खटला आहे, मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, 1979. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या कलम 27 मध्ये विक्रीसाठी बनवणं, विकणं, साठवणं किंवा विक्रीसाठी मांडणं अशी क्रियापदांची रांग आहे. त्यात 'साठवणं' या शब्दानंतर कॉमा नाही. न्यायालयानं त्या नसलेल्या कॉमावर बोट ठेवलं: 'विक्रीसाठी' हे शब्द साठवण्यालाही लागू होतात, म्हणून नुसता साठा करणं हा गुन्हा नव्हे, तो विक्रीसाठी आहे हे सिद्ध करावं लागेल. एका कॉमाच्या अभावानं गुन्ह्याचा अर्थ फिरतो, मग वरच्या कॉमानं का नाही? असा माझा युक्तिवाद होता. त्याच न्यायालयानं 1952 साली अश्विनीकुमार घोष यांच्या प्रकरणात विरामचिन्हांना अर्थ लावताना गौण स्थान दिलं होतं. शंका असेल तर त्यांचा विचार करा, पण मजकुराचा अर्थ त्यांच्या हाती देऊ नका, असा त्याचा मथितार्थ. हा निकालही मला माहीत होता. पण आपल्या सोयीचा निकाल माणसाला जास्त ठळक आठवतो, वकिलाला तर विशेषच.

आता ती गोष्ट. नंदनवनातच, नागपूर सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्याचा पंधराशे चौरस फुटांचा भूखंड, त्यावर जुनं दुमजली घर. वडील वारले, तीन मुलगे. त्यातला मधला मागेच गेला, त्याची पत्नी आणि मुलगी वरच्या मजल्यावर. म्हणजे मालक तीन: थोरले भाऊ, मधली वहिनी (तिच्या मुलीसह) आणि धाकटा. एका घरात तीन चुली. बिल्डरनं घर पाडून इमारत बांधायची, तिघांना एकेक फ्लॅट द्यायचा, बाकीचे विकायचे. आणि बांधकामाच्या अठरा महिन्यांत मालकांना राहायला भाडं द्यायचं. बोलणं घरच्या घरी झालेलं होतं. माझ्याकडे आला तो बिल्डरच्या बाजूनं तयार झालेला इंग्रजी मसुदा, तपासण्यासाठी.

मसुदा कुठल्या तरी एकाच मालकाच्या करारावरून उचललेला होता. त्यामुळे सगळीकडे मालक एकवचनी. माझं लाल पेन फुरफुरलं. मी तेवीस ठिकाणी चिन्ह सरकवलं. भाड्याच्या कलमात पहिली ओळ होती ती कापून मी दुसरी केली:

```
the Owner's monthly rent of Rs. 12,000
the Owners' monthly rent of Rs. 12,000
```

काकांनी दुरुस्त्या टाइप केल्या. प्रत काढून देताना ते म्हणाले, "मॅडम, हे बारा हजार एकाचे का तिघाईचे?" मी त्यांना चिन्ह दाखवलं. म्हटलं, एसच्या नंतर आहे न, म्हणजे मालकांचे. "ते तं दिसूनच राहिलं," ते म्हणाले आणि चहा ठेवायला गेले. मला वाटलं त्यांना व्याकरण कळलं नाही.

मग सहीच्या आधीची बैठक, याच खोलीत. इंग्रजी दस्तावर मराठी माणूस सही करतो तेव्हा तो वाचून दाखवून समजावून द्यायचा, हा रिवाज. मी पान पान वाचलं. इथे एक गंमत लक्षात घ्या, जी मला तेव्हा सुचली नाही. इंग्रजीत मालकाचे, मालकांचे आणि नुसते मालक (अनेक) हे तिन्ही शब्द उच्चारात तंतोतंत सारखे. पक्षकाराचं तेच. ज्या फरकावर मी दोन रात्री घालवल्या तो मोठ्यानं वाचताना ऐकूच येत नाही. मग मी मराठीत समजावलं: "तुम्हाला दर महिन्याला बारा हजार भाडं मिळेल." तिघं समोर बसलेले. 'तुम्हाला' प्रत्येकानं आपल्यापुरतं ऐकलं. बिल्डर बाजूच्या खुर्चीवर होता, त्यानं तिघांना मिळून ऐकलं. माझं वाक्य दोघांच्याही बाजूनं बरोबर होतं. सह्या झाल्या, नोंदणी झाली, पेढे आले.

पहिल्या महिन्याचा चेक थोरल्यांच्या नावानं आला, बारा हजारांचा. धाकटा तो हातात घेऊन माझ्याकडे. "मॅडम, हे तं एकाचंच झालं. बाकी दोघाईचे कुठी गेले?"

मी बिल्डरला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मालकांचं भाडं बारा हजार. तुम्हीच तं दुरुस्त करून दिलं न, मॅडम. आमच्यात मालकाचं होतं."

हिशेब करून पाहा. तिघांना मिळून बारा हजार म्हणजे अठरा महिन्यांचे दोन लाख सोळा हजार. प्रत्येकी बारा हजार म्हणजे सहा लाख अठ्ठेचाळीस हजार. मधे चार लाख बत्तीस हजारांची दरी, आणि त्या दरीत माझं अचूक जागी असलेलं चिन्ह.

त्या रात्री मी दस्त घेऊन बसले, प्रकरण कोर्टात उभं राहिलं तर काय सांगेन ते शोधत. मालकांच्या बाजूनं लिहिलं: घर रिकामं करण्याच्या कलमात प्रत्येक कुटुंबानं आपापला भाग सोडून आपापली किल्ली द्यायची असं आहे, म्हणजे दस्त तिघांना वेगळं धरतो, मालकांचं भाडं म्हणजे त्या प्रत्येकाचं. मग पानाच्या दुसऱ्या बाजूला बिल्डरसाठी लिहिलं: अनामत रकमेच्या कलमातही मालकांची अनामत असंच आहे, ती एकच रक्कम, एकाच चेकनं घेतली, कोणी तक्रार केली नाही, मालकांचं भाडं म्हणजे तीही एकच रक्कम. दोन्ही बाजूंना मी त्या चिन्हाचा आधार दिला होता आणि दोन्ही बाजूंना तो सारखाच बसत होता. बैठकीत काय बोलणं झालं ते सांगायला गेलं तर पुरावा कायद्याची वाट अरुंद: नोंदवलेल्या दस्ताच्या शब्दांना छेद देणारं तोंडी बोलणं सहसा आत घेत नाहीत.

चिन्ह चुकलेलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. ते चुकलेलं नव्हतं. हेच मला खुपलं. ते फक्त 'कोणाचं' ते सांगतं, 'किती जणांना किती' ते सांगत नाही, आणि भांडण नेहमी दुसऱ्याच प्रश्नावर होतं.

पुढे पान दोनवर नजर गेली आणि मी अक्षरशः कपाळावर हात मारला. अर्थ लावण्याच्या कलमात नेहमीची ओळ होती: एकवचनी शब्दात अनेकवचन आणि अनेकवचनी शब्दात एकवचन समाविष्ट समजावं. ही ओळ आपण सगळेच डोळे मिटून टाकतो. 1897 च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या कलम 13 मध्ये केंद्रीय कायद्यांसाठी तशीच तरतूद आहे. पण तो अधिनियम खाजगी करारांना आपोआप लागू होत नाही, म्हणून मसुदे लिहिणारे ती करारात स्वतः घालतात. म्हणजे पान दोनवर एक आणि अनेक यातला फरक पुसलेला मी तसाच राहू दिला होता, आणि पुढच्या पानांवर तोच फरक दाखवायला तेवीस चिन्हं सरकवली होती.

आणखी एक कलम होतं, ज्यानं उरलीसुरली घमेंड काढली. भूखंडाच्या भाडेपट्ट्याची नव्वद हजारांची थकबाकी होती. ती प्रन्यासकडे भरून मोकळं करण्याची जबाबदारी मालकांची. हे कलमही मी दुरुस्त केलं होतं आणि मला खात्री होती की आता ते तिघांचं दायित्व झालं, प्रत्येकाच्या वाट्याला तीस हजार. बिल्डरनं सगळे नव्वद हजार थोरल्यांकडे मागितले. मी ताडकन पत्र लिहायला घेतलं आणि तिथेच थांबले, कारण 1872 च्या करार कायद्याचं कलम 43 समोर उभं राहिलं. दोघातिघांनी मिळून वचन दिलं आणि करारात स्पष्ट शब्दांत उलट काही ठरलं नसेल, तर ज्याला वचन दिलं तो त्यातल्या कोणाही एकाकडून सगळं वचन पुरं करून घेऊ शकतो. ज्यानं भरलं त्यानं मग बाकीच्यांकडून त्यांचा वाटा वसूल करावा. म्हणजे थोरल्यांनी नव्वद हजार भरायचे आणि वहिनीच्या व धाकट्याच्या मागे तीस-तीस हजारांसाठी फिरायचं. 'स्पष्ट शब्दांत उलट काही' यात एसच्या पाठीमागचा ठिपका बसतो असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

पक्षकाराचं दायित्व आणि पक्षकारांची दायित्वं, यांच्यात चिन्हानं जो फरक वाटतो त्याचा निकाल कायद्यानं आधीच लावून ठेवला आहे. तो बदलायचा असेल तर वाक्य लिहावं लागतं.

आता माझ्या बाजूनं थोडं. हे चिन्ह कधीच काही ठरवत नाही असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये 2020 साली एका इस्टेट एजंटानं आपल्या जुन्या मालकाबद्दल समाजमाध्यमावर लिहिलं की हा कोट्यवधींची घरं विकतो पण एम्प्लॉइजची निवृत्तिनिधीची रक्कम देत नाही. चिन्ह घालायचं राहून गेलं. बदनामीचा दावा लागला तेव्हा त्याचं म्हणणं, मला एकच कर्मचारी म्हणायचा होता, म्हणजे मी. न्यायाधीशांनी दावा सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला: एकाचे पैसे राहिले तर ते दुर्दैव म्हणता येईल, अनेकांचे राहिले तर ते जाणूनबुजून वाटतं. तिथे ते चिन्ह महागात पडलं खरं. पण तिथे दुसरं काही नव्हतंच. ना व्याख्या, ना कलमं, एकच वाक्य. करारात वीस पानं असतात.

उलट आपल्याकडचे जुने कायदे पाहा. 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा, त्याच्या इंग्रजी नावात चिन्ह एसच्या नंतर होतं: अनेक कर्मचारी. कामगारांच्या नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा, त्याच्या इंग्रजी नावात आधी अनेकवचनी वर्कमेन होते. 2009 च्या दुरुस्तीनं ते काढून एम्प्लॉई घातला आणि चिन्ह एसच्या आधी टाकलं: एकच कर्मचारी. म्हणून ही भरपाई देशात एकाच कामगाराला मिळते असा बचाव कुठल्या मालकानं केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मग मला मराठीचा अभिमान सुचला. म्हटलं, आपला अनुस्वार निदान ऐकू तरी येतो. काकांना म्हणाले, यापुढे दस्त मराठीतच करू. ते हसले आणि त्यांनी नुकतंच टाइप केलेलं एक विक्रीपत्र पुढे सरकवलं. त्यात लिहून देणार एकच बाई, आणि मजकूर: 'लिहून देणार यांचे मालकीचा भूखंड.' यांचे! आपण एका माणसालाही आदरानं अनेकवचनात बसवतो. आजोबांचं घर म्हणताना आजोबा एकच असतात. वकिलाला विचारलं तर तोही 'वकीलसाहेबांचं मत' म्हणून स्वतःचं टिंब मागून घेईल. इंग्रजीचा ठिपका कानाला कळत नाही, आपला कळतो, पण आपल्या टिंबात आकडा आहे की मान, ते कळत नाही.

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं. हा प्रश्न मी पंधरा वर्षं आधी विचारायला हवा होता.

"काय करतो म्हणजे? 'प्रत्येकी' लिहितो, नाही तं 'सर्व मिळून' लिहितो. आमचे जुने अर्जनवीस सांगत, पैशाच्या आकड्याच्या आधी या दोनातला एक शब्द आला नाही तं पान पुढं पलटवायचं नाही."

तेवीस दुरुस्त्यांचं उत्तर दोन शब्दांत होतं, आणि त्या बारा हजारांच्या दिवशी चहा ठेवायला जाण्याआधी त्यांनी मला तोच प्रश्न विचारला होता.

प्रकरण कोर्टात गेलं नाही. माझ्याच खोलीत तीन बैठका झाल्या. बिल्डरचं काम भूमिपूजनावर अडलं होतं आणि वहिनीला भाड्याच्या घराची अनामत भरायची होती, त्यामुळे दोघांनाही घाई. प्रत्येकी आठ हजारांवर जमलं, म्हणजे सर्व मिळून चोवीस हजार. थकबाकीबाबत प्रत्येकाची मर्यादा तीस हजार आणि एकाच्या वाट्यासाठी दुसऱ्याला धरायचं नाही, असं स्वच्छ वाक्य घातलं. पुरवणी करार मी फी न घेता लिहून दिला. भाड्याची ओळ आता अशी आहे:

```
Rs. 8,000 per month to each of the Owners
(Rs. 24,000 per month in all)
```

बघा, यात वरचा कॉमा नाही. कोणाचं भाडं हे सांगायचंच सोडलं. कोणाला किती द्यायचं ते सांगितलं. संबंधदर्शक शब्द काढून क्रिया लिहिली की चिन्हाची गरज बहुतेक वेळा आपोआप जाते. मालकांचं दायित्व म्हणण्याऐवजी प्रत्येक मालक अमुक भरेल. 'दुसऱ्या पक्षकाराचं' हा शब्द तर मी तिघांच्या करारात वापरूच देत नाही. तिघांत दुसरा कोण? नाव लिहा. आणि वाटणीपत्रात दोन भावांची मिळून एक मिळकत आहे की एकेकाची वेगळी, हे इंग्रजीत चिन्ह एकाच नावाला लावायचं की दोन्ही नावांना, यावर ठरतं असं पुस्तकं सांगतात. बरोबर सांगतात. मी तरीही दोन वेगळी वाक्यं लिहिते.

ज्युनिअर मुली मसुदा आणतात तेव्हा जुन्या सवयीनं माझा हात लाल पेनाकडे जातो. चिन्ह चुकलेलं असेल तर मी ते सरकवते, ते सोडवत नाही. पण आधी मसुदा मिटून त्यांना विचारते, यात पैसे देणारे किती, घेणारे किती, आणि एकानं दिले नाहीत तर कोणाला धरायचं? उत्तर द्यायला त्यांना मसुदा उघडावा लागला तर चालतं. उघडूनही सापडलं नाही तर तो परत जातो.

मागच्या आठवड्यात काकांनी टाइप केलेल्या अकरा पानांच्या करारात वरचा कॉमा एकदाच आला आहे, नोटिशीच्या कलमात, तीस या आकड्यानंतरच्या डेजवर. तो चुकून राहिला असता तरी दिवस तीसच होते.